शेवटच्या हायड्रंटवर २.१ बार: एका संकुलाच्या रिंग मेनचे प्रकरण

पार्श्वभूमी

निवासी शैक्षणिक संकुल. बाहेरच्या अग्निशमनासाठी जमिनीखालून १५० मिमी पोलादी नळाची रिंग मेन, म्हणजे फिरून स्वतःलाच येऊन मिळणारी मुख्य लाइन, टाकलेली, एकूण लांबी १२४० मीटर. पंपघर रिंगच्या एका कडेला. मुख्य पंप मिनिटाला २८५० लिटर, ७० मीटर हेडचा, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब देणारा. त्याच्या जोडीला तेवढ्याच क्षमतेचा डिझेल पंप आणि लाइनमधला दाब राखायला जॉकी पंप. डिझाईनच्या आधारपत्रात दोन अटी होत्या. पंपाची पूर्ण क्षमता वापरात असताना सर्वांत लांबच्या हायड्रंटवर किमान ३.५ बार अवशिष्ट दाब, म्हणजे पाणी वाहत असताना उरणारा दाब, मिळावा, आणि रिंगचा एखादा टप्पा दुरुस्तीसाठी बंद असतानाही "पुरेसे" पाणी मिळावे. हा "पुरेसे" शब्द पुढे महागात पडला.

मूळ हिशोबात लांबचा हायड्रंट म्हणून रिंगवरचा पंपघराच्या अगदी समोरचा बिंदू धरला होता. तिथे दोन्ही बाजूंनी ६२० मीटरवरून निम्मे-निम्मे पाणी येते असे मानून उत्तर ५.८ बार निघाले. जमीन सपाट धरली होती. त्या वेळच्या इमारतींपुरते हे बरोबरच होते.

नंतर संकुलाच्या वरच्या अंगाला, चढावर, एक वसतिगृह उभे राहिले. त्याच्यासाठी रिंगवर एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, काढून १८० मीटरची शाखा टाकली आणि तिच्या टोकाला दोन तोंडांचा हायड्रंट बसवला. शाखेचा नळ १०० मिमी. एकाच हायड्रंटसाठी तेवढा पुरे, असा त्यामागचा विचार. मूळ हिशोबाचा कागद मात्र कोणी पुन्हा उघडला नाही.

अडचण

वसतिगृह ताब्यात घेण्याआधीच्या पाहणीत टोकाच्या हायड्रंटवर गेज लावला तेव्हा ६.६ बार दिसले. कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाचे म्हणणे होते, "साहेब, साडेतीन मागितलेत, इथे साडेसहा आहेत." आकडा खराच होता. पण तो पाणी स्थिर असतानाचा होता.

जॉकी पंप हेडरवर ७.५ बारला थांबत होता आणि वसतिगृहाचा हायड्रंट पंपघरापेक्षा ९ मीटर उंच होता. ९ मीटर म्हणजे ०.९ बार, साडेसातातून ते गेले की उरतात ६.६. नळ १०० मिमीचा असो, ५० चा असो की निम्मा गाळाने भरलेला असो, व्हॉल्व्ह उघडला नसेल तर गेजवर हाच आकडा येणार. नळातले घर्षण पाणी वाहू लागल्यावरच सुरू होते. म्हणून स्थिर दाबावरून रिंग मेनच्या मापाबद्दल काहीच कळत नाही. फार तर टोकापर्यंत कुठला व्हॉल्व्ह पूर्ण बंद नाही एवढे कळते, आणि रिंगमध्ये तर तेही धड कळत नाही, कारण एका बाजूने बंद असले तरी दुसऱ्या बाजूने दाब पोचतोच.

वाहत्या पाण्याची चाचणी

मग चाचणी प्रवाहासह घ्यायचे ठरले. २८५० लिटर कुठून काढायचे हा पहिला प्रश्न. सगळे शाखेच्या टोकाला काढले तर ती परिस्थिती खऱ्या वापरापेक्षा अतिच कठोर होते. ठरले ते असे: टोकाच्या हायड्रंटच्या दोन तोंडांतून प्रत्येकी ९००, म्हणजे १८०० लिटर, आणि उरलेले १०५० शाखा जिथून फुटते त्या टी-जवळच्या हायड्रंटमधून. त्यामुळे रिंगवर पूर्ण भार येतो आणि शाखेवर तिच्या वाट्याचा.

प्रवाह मोजायला नोझलच्या तोंडाशी, धारेचा दाब दाखवणारा पिटो गेज धरला. सूत्र हे:

```
Q = 0.667 * c * d^2 * sqrt(p)
Q: lpm,  d: mm,  p: bar,  c = 0.97
```

नोझल कुठले वापरायचे याकडे नीट पाहावे लागते. नेहमीच्या २० मिमी नोझलमधून ९०० लिटर काढायला नोझलशी १२ बारपेक्षा जास्त दाब लागेल; २५ मिमीलाही जवळजवळ ५ बार. टोकाला एवढा दाब शिल्लकच नसेल तर प्रवाह ठरलेल्या आकड्यापर्यंत जाणार नाही, आणि कमी प्रवाहावरचा चांगला दिसणारा दाब कागदावर उतरेल. म्हणून ३२ मिमीचे गुळगुळीत चाचणी-नोझल थेट हायड्रंटला जोडले. त्यातून ९०० लिटरला पिटोवर १.८५ बार पुरतात. टी-जवळच्या नोझलवर १०५० लिटरसाठी २.५ बार. हायड्रंटचा व्हॉल्व्ह हळूहळू कमी-जास्त करत पिटो या आकड्यांवर आणून ठेवला, आणि तिन्ही नोझलचे आकडे एकाच वेळी स्थिर झाल्यावरच दाबाची नोंद घेतली. एक नोझल जुळवले की दुसरे हलते, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या लागतातच.

दाबाचे गेज तीन जागी होते: पंपघरातल्या हेडरवर, टी-जवळच्या हायड्रंटच्या स्टँडपोस्टवर आणि टोकाच्या स्टँडपोस्टवर. स्टँडपोस्टवरचे दोन्ही गेज व्हॉल्व्हच्या आधी, नळाच्या बाजूला टॅपिंग काढून लावले होते. व्हॉल्व्हच्या पुढे लावलेला गेज अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमधला तोटाही वजा करून दाखवतो आणि नळावर नसता आळ येतो. मिनिटाला जवळजवळ तीन घनमीटर पाणी बाहेर पडत असल्याने ते कुठे जाणार, हे आधी ठरवून नाल्यापर्यंत वाट करून ठेवली होती.

नोंद झालेले आकडे: हेडर ६.६ बार, टी ५.५ बार, टोक २.१ बार.

तीन गेज लावल्याचा फायदा इथे दिसला. टोकावरचा एकच २.१ हातात असता तर पंप, रिंग, शाखा, बंद राहिलेला व्हॉल्व्ह, सगळ्यांवरच संशय गेला असता. हेडरपासून टीपर्यंत १.१ बार गेले, टीपासून टोकापर्यंत ३.४. टी पंपघरापेक्षा ३ मीटर वर आहे आणि टोक टीपेक्षा आणखी ६ मीटर वर. उंची वजा केली तर रिंगमध्ये साधारण ८ मीटर हेड घर्षणात जाते आणि अवघ्या १८० मीटरच्या शाखेत जवळजवळ २९ मीटर.

एक शंका तरीही फेडून घ्यायची होती. रिंगवरचा एखादा सेक्शन व्हॉल्व्ह चेंबरमध्ये बंद राहून गेला असण्याचा प्रकार अगदी नेहमीचा. तसे असते तर टीपर्यंत सगळे पाणी एकाच बाजूने आले असते आणि हिशोबाने टीवर ४.३ बारच्या आसपास किंवा त्याहून कमी दाब मिळाला असता. ५.५ मिळाले, याचा अर्थ दोन्ही बाजू उघड्या होत्या. तरी प्रत्येक चेंबर उघडून व्हॉल्व्हच्या फेऱ्या मोजल्या गेल्या, आणि ते योग्यच झाले.

हिशोब

मोजलेले आकडे कागदाशी जुळतात का हे हेझन-विल्यम्स सूत्राने तपासले:

```
J = 10.67 * (Q/C)^1.852 / d^4.87
J: m/m,  Q: m3/s,  d: m (ID)
```

C हा नळ आतून किती गुळगुळीत आहे हे सांगणारा गुणांक; त्याचे मूल्य १२० धरले. नळाचे आतले माप १५० साठी १५५ मिमी आणि १०० साठी १०५ मिमी. नाममात्र मापावर हिशोब केला तर उत्तर बरेच हलते, कारण व्यासाचा घात जवळजवळ पाच आहे.

पंपघरापासून टी एका बाजूने ४४० मीटर आणि दुसऱ्या बाजूने ८०० मीटर. १५० मिमी नळातून पूर्ण २८५० लिटर गेले तर दर १०० मीटरला ४.७ मीटर हेड जाते. पण पाणी दोन बाजूंत विभागते. दोन्ही वाटांवरचा तोटा सारखा व्हावा लागतो, त्यामुळे जवळच्या बाजूने सुमारे ५८ टक्के आणि लांबच्या बाजूने ४२ टक्के पाणी येते. दोन्हीकडून निम्मे-निम्मे धरणे रिंगच्या नेमक्या मध्यबिंदूलाच चालते. या विभागणीने रिंगमधला तोटा ७.५ मीटर निघतो.

शाखेत १८०० लिटर, १०० मिमी नळ: दर १०० मीटरला १३.३ मीटर. बेंड, टी आणि व्हॉल्व्हसाठी २० मीटर समतुल्य लांबी वाढवून २०० मीटर धरली तर २६.६ मीटर. पाण्याचा वेग सेकंदाला साडेतीन मीटर; तो काही भयंकर नाही, आणि म्हणूनच नुसता वेग तपासून समाधान मानणारा हिशोब इथे फसतो.

जमेला ७० मीटर. त्यातून पंपघरातले व्हॉल्व्ह, नॉन-रिटर्न आणि हेडर यांचे ३, रिंगचे ७.५, शाखेचे २६.६ आणि उंचीचे ९ वजा केले की २३.९ मीटर उरतात. १०.२ मीटरला एक बार या हिशोबाने २.३ बार. मोजलेले २.१. C १२० ऐवजी ११५ घेतला की रिंग आणि शाखा, दोन्हीकडचे मोजलेले तोटे हिशोबाशी बसतात. दोन्ही टप्प्यांत एकाच C ने जुळणे महत्त्वाचे, कारण शाखेत कुठे अडथळा असता तर फक्त तिथलाच आकडा फटकून राहिला असता. म्हणजे नळ तुंबलेला नव्हता, त्याचे मापच अपुरे होते.

पर्याय

बैठकीत पहिला सूर पंप बदलण्याचा होता. कमतरता १.२ बारची, म्हणजे १२ मीटरची. ८२ मीटर हेडचा पंप बसवला की काम फत्ते, खोदकाम नको. दुसरा सूर रिंगच २०० मिमीची करण्याचा होता. तिसरा, शाखा १५० मिमीची करण्याचा. चौथा थोडा वेगळा: शाखा १५० मिमीची करायची आणि तिचे टोक मोकळे न ठेवता तिथून २१० मीटरची जोडलाइन काढून रिंगच्या लांबच्या बाजूला, पंपघरापासून ५०० मीटरवर, पुन्हा जोडायची. म्हणजे वसतिगृहाभोवती दुसरे छोटे रिंग तयार होते.

प्रत्येक पर्याय दोन परिस्थितींत तपासला: सगळे व्हॉल्व्ह उघडे, आणि पंपघर ते टी ही ४४० मीटरची जवळची बाजू बंद. दोन्हीत पूर्ण २८५० लिटर. टोकावरचा हिशोबाचा दाब असा:

| पर्याय | नवा नळ | सगळे उघडे | जवळची बाजू बंद |
|---|---|---|---|
| आहे तसे | – | २.३ बार | एवढे पाणी पोचतच नाही |
| पंप ८२ मीटर हेडचा | – | ३.५ | ०.६ |
| रिंग २०० मिमी | १२४० मी | २.९ | २.२ |
| शाखा १५० मिमी | १८० मी | ४.६ | १.६ |
| शाखा १५० + जोडलाइन | ३९० मी | ५.० | ३.१ |

तक्त्यातली तिसरी ओळ सर्वांना धक्का देणारी होती. सव्वा किलोमीटर रिंग उकरून २०० मिमीची केली तरी टोकाला साडेतीन बार मिळत नाहीत. रिंगमधला तोटा मुळात साडेसात मीटर. तो अगदी शून्यावर आणला तरी तेवढेच हाती लागणार, आणि कमतरता तर बारा मीटरची. रिंग मेनचे माप कमी पडते म्हणून ज्या नळावर बोट ठेवले जात होते तो दोषी नव्हताच.

पंपाचा पर्याय कागदावर नेमका साडेतीनला टेकतो, पण C १२० धरून. मोजणीतला ११५ घेतला की तो खाली जातो. शिवाय तोटा तसाच ठेवून दाब वाढवायचा म्हणजे पंपघराजवळच्या हायड्रंटवर तो विनाकारण वाढणार. ८२ मीटरच्या पंपाचा बंद-व्हॉल्व्हचा हेड १२० टक्के धरला तर ९८ मीटर, म्हणजे साडेनऊ बारच्या पुढे. एवढ्या दाबावर हाती धरलेली ब्रँच पाइप आवरणे कठीण जाते, आणि तिथे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवायचे म्हटले की देखभालीची नवी जागा तयार होते. मोटर, स्टार्टर आणि डिझेल इंजिनही त्याच प्रमाणात मोठे लागणार होते.

शाखा १५० मिमीची करण्यात मात्र स्वच्छ फायदा होता. १०० वरून १५० वर गेल्यावर त्याच प्रवाहाला तोटा २६.६ वरून ४ मीटरवर येतो, जवळजवळ सातवा हिस्सा. फक्त १८० मीटरचे काम. ज्यांना लवकर आणि कमी खर्चात सुटायचे होते त्यांचा कल इकडे होता, आणि सगळे उघडे असतानाची अट तो आरामात पुरी करतो.

निर्णय कुठे अडला

अडला तो तक्त्याच्या शेवटच्या स्तंभावर. जवळची बाजू बंद असताना किती पाणी म्हणजे "पुरेसे", हे आधारपत्रात लिहिलेले नव्हते. त्या स्थितीतही पूर्ण २८५० लिटर आणि साडेतीन बार हवेत असे मानले तर एकही पर्याय पास होत नाही. जोडलाइनवाला सुद्धा ३.१ वर थांबतो. दुसरीकडे, रिंग करण्याचे कारणच एक टप्पा बंद ठेवून बाकीचे चालू ठेवता यावे हे असते. ती अट सोडून दिली तर रिंग आणि सरळ टोक-बंद लाइन यांत फरक काय उरला?

संकुलाच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांनी आणि सल्लागारांनी शेवटी अट आकड्यांत बांधली. सर्व टप्पे उघडे असताना: २८५० लिटर, टोकाला ३.५ बार. कोणताही एक टप्पा बंद असताना: टोकाच्या हायड्रंटला १८०० लिटर, ३.५ बार, त्या वेळी रिंगवरचे दुसरे हायड्रंट वापरात नाहीत असे धरायचे. टप्पा बंद असणे ही दुरुस्तीपुरती, ठाऊक असलेली आणि पाळत ठेवलेली स्थिती असते, हा त्यामागचा तर्क. तर्क पटण्याजोगा आहे, पण ही तडजोड आहे हे कागदावर लिहून, संबंधित अग्निशमन अधिकाऱ्यांची मान्यता घेऊन मगच ती स्वीकारली. स्थानिक नियम टप्पा बंद असतानाही पूर्ण प्रवाह मागत असतील तिथे ही वाट बंदच आहे.

नव्या अटीने नुसती १५० मिमी शाखा तपासली. जवळची बाजू बंद, १८०० लिटर ८०० मीटरवरून: ७० मधून पंपघराचे ३, रिंगचे १६, शाखेचे ४ आणि उंचीचे ९ गेले की ३८ मीटर उरतात, ३.७ बार. म्हणजे हा पर्याय पास होत होता. मग जोडलाइनच्या जास्तीच्या २१० मीटरचा खर्च कशासाठी? शाखेचाच टप्पा फुटला तर काय, या प्रश्नासाठी. शाखा टोक-बंद राहिली तर तिच्यावरची कुठलीही दुरुस्ती म्हणजे वसतिगृहाला बाहेरून पाणी शून्य. लोक रात्री झोपतात ती हीच इमारत. जोडलाइन असेल तर शाखा बंद ठेवूनही तिकडून १८०० लिटर येतात आणि जोडलाइनमधला तोटा साडेचार मीटरच्या आत राहतो. "कोणताही एक टप्पा" या शब्दांनी पर्याय ठरवला. चौथा मंजूर झाला.

एक बारीक गोष्ट. नव्या रचनेत सर्वांत वाईट स्थिती जवळची बाजू बंद असतानाचीच. तरी पंपघर ते जोडलाइन हा ५०० मीटरचा टप्पा बंद ठेवूनही हिशोब केला. १८०० लिटरला तो सहज बसतो. पण त्याच स्थितीत टी-जवळचे १०५० लिटरही चालू ठेवले तर उत्तर नेमके ३.५ बार येते, C १२० धरून, म्हणजे काठावर. तेव्हा एखादी बाजू बंद असताना टी-जवळचा हायड्रंट उघडू नये, अशी सूचना पंपघरातल्या फलकावर लिहिली गेली.

काम

नवी १५० मिमी शाखा जुन्या चराच्या शेजारून टाकली, जेणेकरून जुनी १०० मिमी शेवटपर्यंत चालू राहील. ती पुढेही समांतर ठेवावी, फुकटचा फायदा, अशी सूचना आली. हिशोब केला तर तिच्यातून जेमतेम चौथा हिस्सा पाणी जाते आणि टोकाला ०.१७ बार वाढतात. तेवढ्यासाठी १८० मीटर जुना नळ, त्याचे सांधे आणि गंज सांभाळणे परवडणारे नव्हते. दोन्ही टोकांना ब्लँक फ्लँज लावून तो रद्द केला.

सेक्शन व्हॉल्व्ह कुठे बसवायचे यावर जोडलाइनचा सगळा फायदा अवलंबून असतो. नव्या सांध्याशी रिंगच्या दोन्ही अंगांना एकेक आणि जोडलाइनवर एक, असे तीन व्हॉल्व्ह बसवले. टीशीही तशीच तीन व्हॉल्व्हची रचना पूर्ण केली. सांध्याशी एकच व्हॉल्व्ह ठेवला असता तर तिथला बिघाड दोन टप्प्यांना एकदम बंद पाडणारा ठरला असता. टोकाचा हायड्रंट दोन व्हॉल्व्हच्या मध्ये घेतला, म्हणजे शाखा बंद केली तरी तो जोडलाइनच्या बाजूला राहतो.

चढावर नळ नेताना सर्वांत उंच जागी हवा सोडणारा व्हॉल्व्ह दिला. टोक उंचावर असलेल्या लाइनमध्ये हवा अडकली की हायड्रंट उघडताच आधी फुसफुस होते, पाण्याची धार तुटते आणि गेजची सुई नाचत राहते. अशा वेळी घेतलेली नोंद निरुपयोगी. बेंड आणि टीपाशी काँक्रीटचे थ्रस्ट ब्लॉक घातले आणि ते पक्के झाल्यावरच दाबाची चाचणी घेतली. पंपाचा बंद-व्हॉल्व्हचा दाब ८.२ बार, त्याच्या दीडपट म्हणून १२.५ बारला दोन तास, सांधे मातीने न झाकता. त्यानंतर नळ जोरदार प्रवाहाने धुऊन काढला. वेल्डिंगचे खडे आणि चरातली माती पाण्याबरोबर हायड्रंटच्या सीटमध्ये जाऊन बसते आणि तो व्हॉल्व्ह पुन्हा कधी पूर्ण बंद होत नाही.

निष्पत्ती

पहिल्याच पद्धतीने, त्याच नोझलांनी आणि त्याच तीन गेजांनी चाचणी पुन्हा घेतली. सगळे व्हॉल्व्ह उघडे, २८५० लिटर: टोकाला ४.८ बार, हिशोबाचे ५.० होते. जवळची बाजू बंद, टोकाला १८०० लिटर: मोजलेले ५.१ बार, हिशोबाचे ४.५. मोजलेला आकडा जास्त कसा, हा प्रश्न लगेच आला. १८०० लिटरला पंप त्याच्या वक्रावर ७६ मीटरच्या आसपास हेड देतो आणि पंपघरातला तोटाही कमी होतो. हिशोबात मात्र सुरक्षित बाजूने ७० आणि ३ हेच धरले होते. वक्रावरचे आकडे घातले की हिशोब ५.३ वर जातो.

याचा अर्थ टप्पा बंद असताना दाब सगळे उघडे असतानापेक्षा जास्त दिसू शकतो, फक्त काढलेले पाणी कमी असते म्हणून. नोंदवहीत दाबाच्या शेजारी प्रवाह लिहिलेला नसेल तर हे दोन आकडे पाहून कोणीही चुकीचा निष्कर्ष काढील. म्हणून नोंदीचा नमुनाच बदलला: प्रत्येक ओळीत नोझलचे माप, पिटोचा दाब, कोणते व्हॉल्व्ह बंद होते आणि तिन्ही गेज.

काय वेगळे करता आले असते

वसतिगृहाची शाखा ठरली त्याच दिवशी मूळ हिशोब पुन्हा करायला हवा होता. लांबचा हायड्रंट नकाशावरच्या अंतराने ठरत नाही. नळाचे माप, उंची आणि प्रवाह मिळून जिथे दाब सर्वांत कमी उरतो तो लांबचा. शाखा सुरुवातीलाच १५० मिमीची टाकली असती तर फरक फक्त नळाच्या किमतीचा होता. चर तोच, बेडिंग तेच, मजुरीही जवळपास तीच.

टप्पा बंद असतानाची अट आकड्यांत आधीच लिहिलेली असती तर मूळ रिंगचे मापही वेगळे निघाले असते. पंपघरातून निघणारे दोन्ही टप्पे, म्हणजे टीपर्यंतचे ४४० आणि जोडलाइनपर्यंतचे ५०० मीटर, २०० मिमीचे असते आणि पुढची रिंग १५० ची, तर जवळची बाजू बंद असतानाही पूर्ण २८५० लिटरला टोकाला ४.८ बार मिळाले असते आणि तडजोडीची गरज पडली नसती. एखादी बाजू बंद होते तेव्हा सगळा प्रवाह पंपघराजवळच्या उरलेल्या टप्प्यावर येऊन पडतो. संपूर्ण रिंग एकाच मापाची ठेवण्याच्या सवयीत हे सुटून जाते. चालू संकुलात रस्ते फोडून आता ते करणे या प्रकरणात कोणाला परवडणारे नव्हते, पण पुढेमागे तिथल्या नळाची बदली निघाली तर २०० मिमीच टाकायचा, हे आराखड्यावर नोंदवून ठेवले आहे.

गेजसाठीची टॅपिंग चाचणीच्या वेळी ड्रिल करून काढावी लागली. टी आणि टोक या दोन स्टँडपोस्टवर आता कायमचे कॉक आहेत. पुढच्या वार्षिक चाचणीत त्याच प्रवाहाला दोन्ही गेज सारखेच खाली आले असतील तर शोध पंपघर आणि मूळ रिंगकडे घ्यायचा. टी जागच्या जागी राहून फक्त टोक उतरले असेल तर आधी नव्या छोट्या रिंगवरचे व्हॉल्व्ह मोजायचे.